आवाज चांगला, मग कमाई का नाही? ऑडिओबुक वाचनाबद्दलचे पाच गैरसमज

स्पष्ट उच्चाराच्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : “घरबसल्या पुस्तकं वाचून पैसे मिळव.” सल्ल्यात तथ्य आहे. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आलं ते मराठी पुस्तकं घेऊनच. स्नॉवेलसारखी मराठी संस्थाही श्राव्य पुस्तकं काढते आहे. याशिवाय जाहिराती, माहितीपट, शैक्षणिक चित्रफिती आणि फोनवरच्या सूचना यांनाही मराठी आवाज लागतोच. पण या कामात पैसे नेमके कशाचे मिळतात, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकजण पहिल्याच पुस्तकात दमतात. इथे मुख्यतः ऑडिओबुकाचा विचार करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याबद्दलच आहेत.

गैरसमज १ : आवाज भारदस्त किंवा गोड असला की झालं.

वस्तुस्थिती : तीस सेकंदांच्या जाहिरातीत आवाजाचा पोत भाव खाऊन जातो. कादंबरी मात्र आठ-दहा तास ऐकायची असते. सतत खर्ज लावून वाचणाऱ्याला ऐकणारा अर्ध्या तासात कंटाळतो. निवड करणारा नमुना ऐकतो तेव्हा तीन गोष्टी पाहतो. वाक्याचा अर्थ समजून वाचलंय का? वाक्याच्या शेवटी आवाज पडतोय का? नमुन्याच्या शेवटी आवाज सुरुवातीसारखाच आहे का?

मराठीत उच्चारांची एक खास अडचण आहे. च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि छापील मजकुरात ते वेगळे दाखवलेले नसतात. ‘जग बदललं’ यातला ज वेगळा आणि ‘सुखाने जग’ यातला वेगळा. ‘जरा थांब’ मधली जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा यांचंही तसंच आहे. वाक्याचा रोख आधी कळला नसेल तर जीभ इथे घसरते. म्हणून अनुभवी वाचक पुस्तक आधी मनात वाचतात आणि खुणा करतात : कुठे थांबायचं, कोणतं पात्र कसं बोलतं, अनोळखी गावाचं नाव कसं उच्चारतात, आकड्यात छापलेलं साल मोठ्याने कसं म्हणायचं. ही तयारी टाळणाऱ्याला शंभराव्या पानावर कळतं, की ज्या पात्राला आपण तरुण आवाज दिला ते साठीचं आहे.

बोलीबद्दलही भीती असते. निवेदनाला सहसा प्रमाण मराठी लागते, हे खरं. पण गावाकडचा लहेजा हा दोषच असतो असं नाही. ‘बनगरवाडी’तला माणदेश किंवा ‘गारंबीचा बापू’मधलं कोकण संवादांतून उभं राहतं. ती बोली अंगात असलेल्या माणसाला असे संवाद सहज जमतात. बाहेरच्याने उसनी आणलेली बोली लगेच ओळखू येते. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, अशी ये-जा जमत असेल तर नमुन्यात ती जरूर ऐकवावी.

गैरसमज २ : महागडा माइक घेतला की घरी स्टुडिओ तयार.

वस्तुस्थिती : माइकआधी खोली बघावी. संवेदनशील कंडेन्सर माइक तुमच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, फ्रिजचा गुंजारव आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही तितक्याच इमानाने टिपतो. उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत टाळी वाजवून पाहा. टाळीमागोमाग घुमणारी शेपूट ऐकू आली, तर तीच शेपूट तुमच्या प्रत्येक शब्दाला लागणार. जाड पडदे, गाद्या, गोधड्या आणि कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांनी ती बरीच कमी होते.

किती शांतता लागते याचा एक मापदंड जाहीर आहे. ॲमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुक सेवेच्या नियमांनुसार, वाचक गप्प असताना ध्वनिमुद्रणात उरणारा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा. वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या दरम्यान आणि सर्वांत उंच टोक उणे ३ च्या खाली हवं. प्रत्येक संस्थेचे आकडे थोडे वेगळे असू शकतात, पण सरावासाठी हे माप चांगलं आहे. घरच्या घरी तपासायचं तर माइक सुरू करून अर्धा मिनिट गप्प बसा आणि तेवढा भाग हेडफोन लावून मोठ्या आवाजात ऐका. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही पातळी आकड्यातही दिसते.

याच एसीएक्सवर खातं काढून कमवा, असंही सांगितलं जातं. पण तिथे वाचक म्हणून नाव नोंदवण्याची सोय अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंड इथल्या रहिवाशांनाच आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्याने त्याचे नियम अभ्यासावेत. काम मात्र मराठी प्रकाशक, श्राव्य पुस्तकांच्या संस्था आणि त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण करणारे स्टुडिओ यांच्याकडे शोधावं.

बाकीची पथ्यं साधी आहेत. माइकपासून तोंड साधारण एक वीत दूर आणि किंचित तिरकं ठेवावं, म्हणजे प, फ, भ यांचा फुत्कार माइकवर आदळत नाही. बांगड्या काढाव्यात, सळसळणारे कपडे टाळावेत आणि कागदाऐवजी टॅबवरून वाचावं. पंखा बंदच ठेवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ सोयीची पडते.

गैरसमज ३ : तासाला अमुक रुपये म्हणजे एक तास बसलं की तेवढे मिळतात.

वस्तुस्थिती : सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. ऑडिओबुकाचा दर बहुधा ‘तयार तासा’वर ठरतो. म्हणजे चुका काढून, साफ करून ऐकण्याजोगं झालेलं एक तासाचं ध्वनिमुद्रण. ते तयार करायला किती तास गेले, हे त्या दरात दिसत नाही.

साठ हजार शब्दांची कादंबरी घेऊ. मिनिटाला ११० शब्दांच्या निवांत गतीने ती सुमारे नऊ तासांची होते. आधी वाचून खुणा करायला सात तास धरा. नवख्या माणसाला एक तयार तास मिळवायला माइकसमोर किमान दोन तास बसावं लागतं, म्हणजे १८ तास. चुका कापणं, श्वासांचे आणि तोंडातले आवाज कमी करणं, मग पुस्तक समोर ठेवून सगळं पुन्हा ऐकणं याला तयार तासामागे तीन तास धरले तर २७ तास. एकूण झाले ५२.

आता समजा, तयार तासाला १,५०० रुपये ठरले. हा आकडा केवळ हिशेबासाठी आहे, बाजारभाव नव्हे. नऊ तासांचे १३,५०० रुपये होतात आणि ५२ तासांनी भागले तर कष्टाच्या तासाला सुमारे २६० रुपये पडतात. तेच संपादन स्टुडिओ करणार असेल तर तुमचे तास २५ आणि मोबदला तासाला ५४० रुपये. दर तोच, कमाई दुप्पट. म्हणून ‘किती देणार’ याच्या आधी ‘संपादन कोण करणार’ हे विचारायचं.

दुसरा प्रश्न दुरुस्त्यांचा. ध्वनिमुद्रण पाठवल्यावर चुकलेल्या, गाळलेल्या शब्दांची यादी येते आणि तेवढी वाक्यं पुन्हा वाचून द्यावी लागतात. तुमच्या चुका तुम्ही फुकट दुरुस्त करणं रास्त आहे. पण लेखकाने मागाहून मजकूर बदलला, तर त्याचे वेगळे पैसे आधीच ठरलेले हवेत.

वेळ वाचवायची एक रीत शिकून घ्यावी. चूक झाली की तसंच पुढे न जाता ध्वनिमुद्रण काही सेकंद मागे न्यायचं, आधीचं वाक्य ऐकायचं आणि त्याच सुरात तिथूनच पुढे वाचायचं. याला ‘पंच अँड रोल’ म्हणतात. हात बसला की संपादनाचा बराच भार कमी होतो. तसंच, दिवसाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वाचू नये. तोंड कोरडं पडून टकटक आवाज येऊ लागले किंवा शब्दांचे शेवट गळू लागले, की घसा थकला असं समजावं. दुसऱ्या दिवशी सुरुवात करण्यापूर्वी आदल्या दिवशीची शेवटची दोन मिनिटं ऐकावीत. नाहीतर प्रकरणाच्या मध्येच वाचक बदलल्यासारखं वाटतं.

गैरसमज ४ : लेखकाचं नाव घेतलं की कोणतंही पुस्तक वाचून टाकता येतं.

वस्तुस्थिती : नाव घेणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, आणि ती मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले; त्यांच्या साहित्याचे हक्क २०६० अखेरपर्यंत राहतील. अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, त्यामुळे मूळ पुस्तक कितीही जुनं असलं तरी अलीकडचा अनुवाद खुला होत नाही. नव्या आवृत्तीतल्या प्रस्तावनेचंही तसंच.

काम देणाऱ्यालाही विचारावं, की श्राव्य आवृत्तीचे हक्क तुमच्याकडे आहेत का? छापील पुस्तकाचा करार झाला म्हणजे श्राव्य हक्क प्रकाशकाकडे आपोआप आले असं नसतं.

गैरसमज ५ : आधी नावनोंदणीचे पैसे भरले की काम मिळतं.

वस्तुस्थिती : आवाजाच्या कामात पैसा देणाऱ्याकडून वाचकाकडे येतो. ‘नोंदणी फी’, ‘अनामत’ किंवा ‘आवाज मंजुरीचे शुल्क’ मागणारा काम देणारा नसतो. प्रशिक्षणाचे पैसे देणं वेगळं, पण तिथेही कामाची हमी विकली जात असेल तर मागे फिरावं. फसवणुकीचा दुसरा प्रकार नमुन्याचा. दोन-तीन मिनिटांचा नमुना मागणं रीतसर आहे. अख्खं प्रकरण ‘चाचणी’ म्हणून मागितलं जात असेल, तर दहा जणांकडून दहा प्रकरणं फुकटात वाचून घेण्याचा तो डाव असू शकतो.

जाहिरातीच्या कामात आणखी एक गोष्ट पाहावी. तिथे मिनिटांपेक्षा वापराला किंमत असते. एका शहरातल्या रेडिओवर महिनाभर वाजणारी जाहिरात आणि टीव्हीवर वर्षभर चालणारी जाहिरात तीस सेकंदांचीच असली, तरी मोबदला सारखा नसावा. माध्यम, मुदत आणि प्रदेश या तीन गोष्टी ईमेलवर तरी लिहून घ्याव्यात.

कोणतंही पुस्तक स्वीकारण्यापूर्वी त्यातली दहा पानं घरी पूर्ण प्रक्रियेने करून पाहा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. त्यावरून सबंध पुस्तकाचा हिशेब मांडा, आणि तो परवडत असेल तरच होकार द्या.