जुन्या कंपनीला विचारायचं ते एवढंच

नव्या माणसाला घेण्याआधी एचआर त्याच्या आधीच्या कंपनीला मेल करतं. त्यात दोनच गोष्टी पडताळायच्या असतात: तो कोणत्या पदावर होता आणि कधीपासून कधीपर्यंत होता. या दोन्हींची नोंद दप्तरी असते. ‘माणूस कसा होता?’ याचं उत्तर मात्र सांगणाऱ्याच्या आठवणीवर आणि रागलोभावर ठरतं. त्यामुळे अनेक कंपन्या मत द्यायचं टाळतात आणि तसं विचारणारा मेल पडून राहतो.

समजा, पुण्यातल्या एका उमेदवार बाईंनी बायोडेटात लिहिलंय: ‘सीनियर अकाउंटंट, जून 2019 ते मार्च 2023’. आधी त्यांची लेखी संमती घ्यायची आणि ती मेलला जोडायची. मेल कंपनीच्या एचआरच्या अधिकृत पत्त्यावरच जायला हवा. उमेदवाराने दिलेल्या एखाद्या साहेबांच्या खासगी जीमेलवर नव्हे. मजकूर असा:

‘सोबतच्या संमतीपत्रानुसार खालील नोंदी तपासून कळवाव्यात. नाव (तेव्हाचं व आताचं), एम्प्लॉयी कोड, रुजू झाल्याची तारीख, कामाचा शेवटचा दिवस, शेवटचं पद. आमच्याकडील माहिती समोर दिली आहे. बरोबर असल्यास ‘होय’, नसल्यास आपल्या दप्तरातील नोंद लिहावी. कामगिरी वा वर्तणुकीबद्दल अभिप्राय नको.’

तेव्हाचं नाव आवर्जून द्यावं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर ‘अशी व्यक्ती आमच्याकडे नव्हती’ असं उत्तर येऊ शकतं. ‘पुन्हा नोकरीवर घ्याल का?’ हा प्रश्न साधा वाटला तरी तो मतच मागतो, म्हणून तो वगळायचा.

उत्तर आलं: रुजू 10 जून 2019, शेवटचा दिवस 28 फेब्रुवारी 2023, पद अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह. म्हणजे शेवटची तारीख आणि पद, दोन्ही जुळत नाहीत. पण लगेच लबाडीचा शिक्का मारू नये. आधी बाईंना विचारावं. त्यांचा हिशेब मार्चमध्ये चुकता झाला होता, म्हणून त्यांनी मार्च लिहिला. रिलिव्हिंग लेटरवर आणि पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत शेवटची तारीख फेब्रुवारीचीच निघाली, म्हणजे तो प्रश्न मिटला. पदाचं उत्तर पीएफमध्ये मिळत नाही. त्यासाठी बढतीचं पत्र मागावं लागतं. बाईंकडे एप्रिल 2021 चं पत्र होतं. ते जोडून जुन्या कंपनीला एकच प्रश्न पुन्हा विचारला आणि एचआरने नोंद दुरुस्त करून कळवली. पत्र नसतं, तर फायलीत ‘पदाची पडताळणी झाली नाही’ असं लिहून ठेवावं लागलं असतं.

कंत्राटी माणसांची अडचण वेगळी. काम एका कंपनीत, पगार एजन्सीचा. कंपनीच्या दप्तरात नावच नसतं. तिथे मेल एजन्सीला जायला हवा.

आणि उमेदवार सध्या जिथे नोकरी करतो, तिथे तर त्याने राजीनामा देण्याआधी असा मेल अजिबात धाडू नये. नवी नोकरी पक्की होण्याआधीच त्याची जुनी धोक्यात येते.