ऑक्सिजनचा एक रेणू, थायोसल्फेटचे चार

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या माणसाला एक युक्ती पहिल्याच आठवड्यात कळते. नमुन्यातलं २०० मिलिलिटर पाणी घ्यायचं, ब्युरेटमधून ०.०२५ मोलर सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं आणि निळा रंग गेला की थांबायचं. ब्युरेटमधलं ६.४ मिलिलिटर खर्च झालं असेल, तर वहीत लिहायचं : विरघळलेला ऑक्सिजन ६.४ मिलिग्रॅम प्रतिलिटर. मध्ये गुणाकार नाही की भागाकार नाही. बरेच जण वर्षानुवर्षं असे आकडे लिहीत राहतात आणि हे जमतं कसं, हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

पडायला मात्र हवा, कारण थायोसल्फेट आणि ऑक्सिजन यांची या प्रयोगात गाठच पडत नाही. ब्युरेटचा नळ उघडेपर्यंत बाटलीतला ऑक्सिजन केव्हाच संपलेला असतो. आपण मोजतो ते आयोडीन. तेसुद्धा नदीतलं नव्हे, आपणच बाटलीत घातलेल्या आयोडाइडमधून सुटलेलं.

इतका आडवळणाचा रस्ता का घ्यावा लागला? पाण्यात ऑक्सिजन फार थोडा मावतो. समुद्रसपाटीला, २५ अंश सेल्सिअसच्या स्वच्छ गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८.२६ मिलिग्रॅम प्रतिलिटर. ३० अंशांना तोच आकडा ७.५६ वर येतो. याउलट एक लिटर हवेत ऑक्सिजन असतो सुमारे २७० मिलिग्रॅम. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत एक मिलिलिटरचा बुडबुडा अडकला आणि त्यातला सगळा ऑक्सिजन रसायनांनी पकडला, तर उत्तर प्रतिलिटर ०.९ मिलिग्रॅमने वाढतं. शिवाय पाण्यातले सूक्ष्मजीव तो ऑक्सिजन वाटेतही खात असतात. नदीवरून नमुना आणून दुपारी सावकाश मोजू म्हटलं, तर मोजायला काय शिल्लक असेल सांगता येत नाही.

लायोश विंकलर या हंगेरियन रसायनज्ञाने १८८८ साली यावर उपाय काढला : ऑक्सिजन जिथे आहे तिथेच, त्याच बाटलीत, एका घन पदार्थात अडकवून टाकायचा. त्यासाठी मँगॅनीज निवडण्यात त्याची खरी हुशारी दिसते. नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडून पाणी भरतात, थोडं ओसंडू देतात, म्हणजे हवेला लागलेलं पाणी बाहेर जातं. मग पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली नेऊन आधी मँगॅनस सल्फेट आणि पाठोपाठ आयोडाइड घातलेलं तीव्र अल्कली, दोन्ही दोन-दोन मिलिलिटर सोडायचं. बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची.

लगेच साका धरतो. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर तो पांढरा राहतो. असेल तर तपकिरी होतो. गटाराच्या पाण्यातला पांढरा साका पाहिला की अनुभवी माणूस ब्युरेट भरण्याआधीच उत्तर ओळखतो. पांढरा पदार्थ म्हणजे मँगॅनस हायड्रॉक्साइड. त्याला ऑक्सिजन मिळाला की होतं ते असं :

2Mn(OH)₂ + O₂ → 2MnO(OH)₂

इथला पहिला दोनचा आकडा आला कुठून, हे इलेक्ट्रॉन मोजले की कळतं. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू, प्रत्येकाला दोन इलेक्ट्रॉन हवेत, एकूण चार. मँगॅनीज +२ वरून +४ वर जाताना प्रत्येकी दोनच इलेक्ट्रॉन देतं. म्हणून ऑक्सिजनच्या एका मोलला मँगॅनीजचे दोन मोल लागतात. (मोल हे डझनासारखंच मोजणीचं एकक आहे, फक्त संख्या अफाट मोठी. एका रेणूला दोन, तर एका मोलला दोन मोल.)

साका खाली बसू द्यायचा आणि मग दोन मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं. तपकिरी साका विरघळतो आणि पाणी सोनेरी पिवळं होतं. अल्कलीमध्ये गप्प बसलेलं आयोडाइड आता कामाला लागतं :

MnO(OH)₂ + 2I⁻ + 4H⁺ → Mn²⁺ + I₂ + 3H₂O

मँगॅनीजला दिलेले दोन इलेक्ट्रॉन परत हवे असतात. ते दोन आयोडाइड आयन देतात आणि त्यातून आयोडीनचा एक रेणू बनतो. साक्यात मँगॅनीज दोन मोल होतं, म्हणून आयोडीनही दोन मोल. आयोडाइड मुद्दाम गरजेपेक्षा बरंच जास्त घातलेलं असतं, कारण नुसतं आयोडीन पाण्यात धड विरघळत नाही आणि उडूनही जातं; जास्तीचं आयोडाइड त्याला धरून ठेवतं.

शेवटची पायरी ब्युरेटची :

I₂ + 2S₂O₃²⁻ → S₄O₆²⁻ + 2I⁻

थायोसल्फेटचा प्रत्येक आयन एकच इलेक्ट्रॉन देतो, म्हणून एका आयोडीनला दोन थायोसल्फेट. पिवळा रंग फिका पडत गवताच्या काडीसारखा झाला की स्टार्चचे थेंब घालतात आणि पाणी गडद निळं होतं. स्टार्च आधीच घातलं, तर ते आयोडीनला इतकं घट्ट धरतं की शेवटचा थेंब नेमका कोणता हे कळेनासं होतं. निळेपणा गेला की थांबायचं.

आता साखळी जोडून पाहू. ऑक्सिजन एक, मँगॅनीज दोन, आयोडीन दोन, थायोसल्फेट चार. पाठ करण्यापेक्षा इलेक्ट्रॉनवर लक्ष ठेवणं बरं : ऑक्सिजनने चार घेतले, अखेर थायोसल्फेटने चार दिले. मधल्या सगळ्यांनी जेवढे दिले तेवढे परत घेतले. म्हणूनच एका जुन्या शंकेने इथे काही बिघडत नाही. साक्यातलं मँगॅनीज +४ अवस्थेत असतं की +३, यावर पुस्तकांत एकवाक्यता नाही. +३ धरलं तर एका ऑक्सिजनला चार मँगॅनीज लागतात, पण आयोडीनचा एक रेणू सोडवायलाही दोन मँगॅनीज लागतात. आयोडीन पुन्हा दोन मोल, थायोसल्फेट पुन्हा चार.

आपल्या ६.४ मिलिलिटरचा हिशोब आता हाताने करू. ६.४ मिलिलिटर गुणिले ०.०२५ म्हणजे थायोसल्फेट ०.१६० मिलिमोल. दोनाने भागलं की आयोडीन ०.०८० मिलिमोल. मँगॅनीजही तितकंच, ०.०८०. आणखी दोनाने भागलं की ऑक्सिजन ०.०४० मिलिमोल. त्याचा रेणुभार ३२, म्हणून १.२८ मिलिग्रॅम. हे २०० मिलिलिटर पाण्यातलं; लिटरला पाचपट, म्हणजे ६.४ मिलिग्रॅम. ब्युरेटचा आकडा जसाच्या तसा परत आला, कारण थायोसल्फेटची तीव्रता आणि पाण्याचं माप तसं बेतूनच ठरवलं आहे. एक मिलिलिटर थायोसल्फेट ०.२ मिलिग्रॅम ऑक्सिजनच्या तोडीचं, आणि २०० मिलिलिटरमधले ०.२ मिलिग्रॅम म्हणजे लिटरमधला बरोबर एक मिलिग्रॅम.

पण ते २०० मिलिलिटर नदीचं पाणी असायला हवं. भरलेल्या बाटलीत चार मिलिलिटर रसायनं सोडली तेव्हा तेवढंच पाणी बाहेर सांडलं; ३०० पैकी नमुना उरला २९६. म्हणून मोजताना २०० ऐवजी २०३ मिलिलिटर घेतात, कारण २०० गुणिले ३०० भागिले २९६ यांचं उत्तर २०२.७ येतं. मग आम्लाने सांडलेल्या दोन मिलिलिटरचं काय? ते या हिशोबात धरत नाहीत. तोवर ऑक्सिजन साक्यात अडकून तळाशी बसलेला असतो, वरचं सांडतं ते नितळ पाणी. म्हणूनच साका नीट बसायच्या आत आम्ल ओतणं महागात पडतं. गढूळ पाण्याबरोबर थोडा मोजायचा ऑक्सिजनही बाहेर जातो आणि उत्तर कमी येतं.

साखळीत बाहेरचा कोणी घुसला की हिशोब बिघडतो. सांडपाणी मिसळलेल्या नदीत हटकून भेटणारं नायट्राइट हा त्यातला सगळ्यात खोडकर. आम्लात तेही आयोडाइडपासून आयोडीन सोडवतं आणि आपण ते ऑक्सिजनच्या खात्यावर मांडतो. त्यात ते एकदा करून थांबत नाही. त्यातून तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पुन्हा नायट्राइट होतो आणि फेरी परत सुरू. लक्षण ओळखायला सोपं आहे : निळा रंग गेला, आकडा लिहिला, आणि वर पाहावं तर फ्लास्क पुन्हा निळा! यासाठी आयोडाइडच्या अल्कलीत सोडियम अझाइड मिसळतात. ते आम्लात नायट्राइटला नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइडमध्ये मोडून टाकतं. अझाइड जहाल विषारी असल्यामुळे ते तोंडाने ओढण्याच्या पिपेटने घ्यायचं नाही. लोह दोन्ही बाजूंनी त्रास देतं. फेरस लोह अल्कलीत स्वतःच ऑक्सिजन खातं, तर फेरिक लोह आम्लात आयोडीन सोडवतं. फेरिकला बांधून ठेवायला आम्लाआधी पोटॅशियम फ्लोराइड घालतात.

राहिलं थायोसल्फेट. सगळा भरवसा त्याच्या ०.०२५ या आकड्यावर, आणि नेमकं तेच बाटलीत पडून बदलतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि जिवाणूंमुळे त्याचं विघटन होतं. म्हणून ते पोटॅशियम डायक्रोमेटशी पडताळतात, कारण डायक्रोमेट अचूक तोलता येतं आणि टिकतं. तिथेही मोजायचे इलेक्ट्रॉनच. डायक्रोमेटचा एक आयन सहा इलेक्ट्रॉन घेतो, आयोडीनचे तीन रेणू सोडवतो, त्यांना सहा थायोसल्फेट लागतात. म्हणून लिटरमध्ये १.२२६ ग्रॅम डायक्रोमेट घेतलं, तर ते थायोसल्फेटशी मिलिलिटरला मिलिलिटर जुळतं.

समजा, २० मिलिलिटर डायक्रोमेटने सोडवलेल्या आयोडीनला थायोसल्फेट २० ऐवजी २०.५ मिलिलिटर लागलं. मग ते ०.०२५ राहिलेलं नाही, ०.०२४४ झालं आहे. अशक्त द्रावण जास्त खर्च होतं आणि पाणी आहे त्याहून चांगलं दिसतं. मघाचे ६.४ खरे तर ६.२ होते. तेवढ्याने नदीचं नशीब बदलत नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत नदीवर उघड्यावर आंघोळीसाठी किमान ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर विरघळलेला ऑक्सिजन लागतो. याच बाटलीतलं थायोसल्फेट वापरून ज्या घाटाचा आकडा ५.१ लिहिला गेला, त्याचा खरा आकडा ४.९८ आहे.