दुरुस्ती निधीची सभा आणि तिचे इतिवृत्त

सहकारी गृहनिर्माण संस्थेची इमारत पंधरा वर्षांची झाली की महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार तिची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी करून घ्यावी लागते, आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. तपासणीचा अहवाल आला की मोठ्या दुरुस्तीचा खर्च समोर उभा राहतो. तो मासिक देखभाल शुल्कातून भागत नाही, म्हणून विशेष सर्वसाधारण सभा बोलावून सभासदांकडून वेगळी रक्कम गोळा करण्याचा ठराव करावा लागतो. त्या सभेची लेखी नोंद म्हणजे इतिवृत्त. पुढे थकबाकी वसूल करायची असो वा एखादा सभासद उपनिबंधकांकडे तक्रार घेऊन जावो, सभेत काय ठरले याचा पुरावा म्हणून प्रथम हेच वाचले जाते.

समजा, 24 सदनिकांची एक चार मजली इमारत आहे. तिच्यात 450 चौरस फुटांच्या बारा, 600 च्या आठ आणि 750 च्या चार सदनिका आहेत. बाहेरचे प्लास्टर, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि काही खांबांचे मजबुतीकरण मिळून करांसह 33 लाख रुपये खर्च येणार आहे, आणि दुरुस्ती निधीत 6 लाख 60 हजार जमा आहेत. उरलेले 26 लाख 40 हजार सभासदांनी उभे करायचे आहेत.

इतिवृत्ताची सुरुवात सभेच्या वैधतेने होते. विशेष सभेची सूचना पूर्ण पाच दिवस आधी दिल्याची तारीख, सभेचे ठिकाण, वेळ, अध्यक्षस्थानी कोण होते आणि किती सभासद हजर होते, हे प्रथम लिहितात. गणसंख्या एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी कमी असेल ती धरली जाते. म्हणजे इथे 16. हजेरीपत्रकावर 19 सह्या असतील, तर 'गणसंख्या पूर्ण असल्याने सभेच्या कामकाजास सुरुवात झाली' हे वाक्य खरे ठरते. विषयपत्रिकेत दुरुस्ती निधीचा विषय स्पष्ट शब्दांत असायलाच हवा. आयत्या वेळच्या विषयांत लाखोंची वर्गणी मंजूर करणाऱ्या संस्था पुढे अडचणीत येतात, कारण गैरहजर राहिलेला सभासद रास्तपणे म्हणू शकतो की हा विषय येणार हे आपल्याला कळवलेच नव्हते.

त्यानंतर येते खर्चाची वाटणी, आणि बहुतेक इतिवृत्ते इथेच ढिली पडतात. 'खर्च सर्वांनी वाटून घ्यावा असे ठरले' या वाक्यातून कोणालाही आपली रक्कम काढता येत नाही. मोठ्या दुरुस्तीसाठीचा निधी क्षेत्रफळाच्या प्रमाणात घेण्याची तरतूद आदर्श उपविधींत आहे. उलट, सफाई, पहारा, कार्यालयीन खर्च यांसारखे सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे असते. या दोन नियमांची गल्लत हे सभेतल्या निम्म्या वादाचे मूळ असते, म्हणून कोणत्या नियमाने वाटणी केली ते इतिवृत्तात लिहावे. शिवाय क्षेत्रफळ चटईचे धरले की बांधीव, तेही लिहावे, कारण दोन्हींत आकडा बदलतो. आपल्या उदाहरणात एकूण चटई क्षेत्र 13,200 चौरस फूट होते. 26 लाख 40 हजारांना त्याने भागले की दर चौरस फुटाला 200 रुपये येतात. लहान सदनिकेला 90 हजार, मधल्या सदनिकेला 1 लाख 20 हजार आणि मोठ्या सदनिकेला दीड लाख. हा हिशेब इतिवृत्तातच मांडला, तर नंतर घरोघरी समजावत फिरावे लागत नाही.

आता हरकती. मोठ्या सदनिकेचे एक सभासद म्हणतात, इमारत सर्वांची आहे, मग सर्वांनी सारखे, म्हणजे 1 लाख 10 हजार द्यावेत. तळमजल्यावरील सभासद म्हणतात, गच्ची गळते तेव्हा त्रास वरच्यांना होतो, आम्ही त्यासाठी का भरावे? तिसऱ्यांना शंका आहे की निवडलेला ठेकेदार समितीतल्या एकाचा नातलग असावा. सभेत हे सगळे आवाज चढवून बोलले गेलेले असते. इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवाने त्यातला मुद्दा उचलायचा आणि आवाज सोडून द्यायचा. 'क्र. 3 च्या सभासदांनी नेहमीप्रमाणे आडकाठी केली' असे लिहिणे ही नोंद नव्हे, तो शेरा झाला. नोंद अशी होते: 'सदनिका क्र. 3 च्या सभासदांनी गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च तळमजल्यावरील सभासदांना लागू करू नये, असे मत मांडले. गच्ची ही सामाईक जागा असून तिची दुरुस्ती उपविधींनुसार संस्थेच्या खर्चाने करावयाची असते, असे सचिवांनी स्पष्ट केले.' हरकत, तिचे कारण आणि दिलेले उत्तर, तिन्ही त्यात आले.

नातलगाच्या शंकेची नोंद सर्वांत नाजूक. ती गाळली तर दडपल्याचा आरोप होतो, जशीच्या तशी लिहिली तर सिद्ध न झालेला आरोप कायमचा कागदावर राहतो. अशा वेळी सभासदाने नेमकी कोणती मागणी केली ते शोधावे: 'आलेल्या तीनही निविदांचा तुलनात्मक तक्ता सर्व सभासदांना मिळावा आणि ठेकेदाराशी संबंध असल्यास समिती सदस्यांनी तसे लेखी जाहीर करावे, अशी मागणी सदनिका क्र. 17 च्या सभासदांनी केली. सभेने ती मान्य केली.' एखाद्या निवृत्त सभासदाने आजारपण सांगून हप्ते वाढवून मागितले असतील, तर 'वैयक्तिक कारणास्तव मुदतवाढीची विनंती' एवढेच पुरते. हे इतिवृत्त चोवीस घरांत वाचले जाणार असते.

ठरावाच्या शब्दांत तर सैलपणा अजिबात चालत नाही. दर, एकूण रक्कम, हप्ते किती आणि कोणत्या तारखांना, उशीर झाल्यास व्याज किती (उपविधींनुसार वर्षाला 21 टक्के सरळव्याजाच्या वर जाता येत नाही) आणि प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा वाढल्यास पुन्हा सभा घ्यायची की नाही, हे सगळे त्यात असावे. खाली सूचक, अनुमोदक आणि मतांची संख्या. 13 बाजूने, 4 विरोधात, 2 तटस्थ असे मतदान झाले असताना सवयीने 'सर्वानुमते मंजूर' लिहिणे ही गंभीर चूक आहे. विरोध केलेल्या चौघांनी आपले मत नोंदवायला सांगितले असल्यास त्यांचे सदनिका क्रमांकही लिहावेत. विरोध नोंदला गेला म्हणून ठराव दुबळा होत नाही. बहुमताचा ठराव विरोध करणाऱ्यांनाही बांधील असतो आणि हप्ता त्यांनाही भरावा लागतो.

सभा संपली तरी इतिवृत्त अजून मसुदाच असते. समितीने तो सभासदांना पाठवायचा, सभासदांनी पंधरा दिवसांत लेखी सूचना द्यायच्या आणि समितीने पुढच्या बैठकीत त्या विचारात घेऊन मजकूर अंतिम करायचा, असा क्रम आहे. सूचना दोन प्रकारच्या येतात. 'मी विरोध केला होता, ते लिहिलेले नाही' ही दुरुस्ती आहे आणि ती करावी. 'आता विचार केल्यावर मला सारखी वाटणी योग्य वाटते' हे नवे मत आहे. ते सभेत मांडलेले नसल्याने इतिवृत्तात घालता येत नाही, पुढच्या सभेसाठी पत्र म्हणून ठेवता येते. अंतिम मजकूर सचिव प्रोसिडिंग बुकात उतरवतात आणि खाली सह्या होतात.