महिन्याची शिल्लक थोडी : आधी कार्डाची थकबाकी फेडावी की आपत्कालीन निधी उभारावा?

नवी दिल्ली : क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज आकारले जाणे ही सर्वसाधारण बाब आहे. त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. बचत खात्यातील रकमेवर मात्र वर्षाला सुमारे अडीच ते तीन टक्केच व्याज मिळते. त्यामुळे प्रत्येक रुपया आधी थकबाकीत भरावा, असे गणित सांगते. मात्र हाताशी रोख रक्कम नसताना हे गणित अपुरे पडते.

समजा, एका नोकरदाराकडे खर्च भागवून दरमहा ८,००० रुपये उरतात आणि कार्डाची थकबाकी ४०,००० रुपये आहे. सर्व शिल्लक कार्डात भरल्यास सहाव्या महिन्यात थकबाकी फिटते आणि व्याज व कर मिळून सुमारे ५,८०० रुपये जातात. शिल्लक अखेरपर्यंत निम्मी-निम्मी विभागल्यास १४ महिने लागतात आणि हा भार सुमारे १२,७०० रुपयांवर जातो.

या दोहोंमधला मार्ग असा : पहिले तीन महिने ४,००० रुपये कार्डात आणि ४,००० बचत खात्यात ठेवावेत. १२,००० रुपये जमताच पुढील सर्व शिल्लक कार्डाकडे वळवावी. असे केल्यास आठव्या महिन्यात कर्ज संपते आणि सुमारे ८,५०० रुपयांचा भार पडतो. पहिल्या मार्गापेक्षा अधिक गेलेले सुमारे २,७०० रुपये हे या निधीचे मोल होय.

हे मोल का द्यावे? थकबाकी शिल्लक असेपर्यंत कार्डावरील नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याज खरेदीच्या दिवसापासूनच सुरू होते. कार्डावरून रोख काढल्यास वेगळे शुल्कही लागते. शिवाय, फेडीमुळे मोकळी झालेली मर्यादा अडचणीच्या वेळी उपलब्ध असेलच असे नाही, कारण बँक ती कमी करू शकते. घरभाड्यासारखे काही खर्च तर रोखीनेच भागवावे लागतात.

या काळात कार्डावर नवी खरेदी न करणे ही मुख्य अट आहे. ती पाळली जाते की नाही, हे मासिक विवरणपत्रावरून कळते. भरलेल्या रकमेतून व्याज व कर वजा करून जे उरते, तेवढी थकबाकी कमी झाली नसेल, तर नवा खर्च शिरला आहे असे समजावे. किमान देय रक्कम मात्र दरमहा मुदतीत भरलीच पाहिजे. निम्मी रक्कम त्यासाठी अपुरी पडत असेल, तर निधीचा वाटा कमी करावा.

आठ-नऊ टक्के व्याजाच्या गृहकर्जाबाबत हा क्रम बदलतो. तेथे नियमित हप्ते भरत तीन ते सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाचा निधी आधी उभारावा आणि मुदतपूर्व फेडीचा विचार त्यानंतर करावा. कार्डाचे कर्ज संपल्यावरही दरमहाचे ८,००० रुपये याच निधीकडे वळवणे इष्ट ठरते.