सव्वादोन मीटरचा माणूस, पावणेपाच मीटरची चढाई

पावणेसहा फूट उंचीचा माणूस पालथा पडून दोन्ही हात डोक्यापुढे ताणतो, तेव्हा घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर सव्वादोन मीटरच्या आसपास भरतं. कबड्डीतली पकड यशस्वी होणार की अंगलट येणार, हे बरंचसं या सव्वादोन मीटरवर ठरतं. ताकदीवर ठरतं असं वाटतं खरं, पण आधी मोजपट्टी काढावी.

पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा असते आणि तिच्यापलीकडे आणखी १ मीटरवर बोनस रेषा, म्हणजे घरापासून पावणेपाच मीटर. चढाई करणाऱ्याने कुणाला स्पर्श केला नाही, तर निदानरेषा ओलांडल्याशिवाय त्याला परतता येत नाही. तसाच परतला तर बाद. एका चढाईला मिळतात ३० सेकंद.

मध्यरेषा ओलांडण्यापूर्वीच ‘कबड्डी कबड्डी’ सुरू व्हायला हवं. उशीर झाला तर चढाई वाया जाते आणि गुण समोरच्यांना मिळतो. दमाची ही अट म्हणजे श्वासावर ठेवलेला पहारा आहे. आपण बोलतो ते उच्छ्वासावर. त्यामुळे शब्द अखंड ऐकू येत आहे तोवर हवा बाहेर जाते आहे, आत येत नाही, हे पंचाला नुसत्या कानाने कळतं. शब्दही मोठा हिशेबी आहे. क, ब आणि ड्ड या तिन्ही ठिकाणी तोंडातली वाट क्षणभर पूर्ण बंद होते आणि हवा अडते. ‘हा हा हा’ म्हणत कुणी चढाई केली असती, तर त्याची छाती बरीच आधी रिकामी झाली असती.

आता बोनस. समोर किमान सहा बचावपटू असतील तरच तो मिळतो. एक पाऊल बोनस रेषेपलीकडे टेकवायचं आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत असला पाहिजे. नियम करणाऱ्यांनी इथे चढाईपटूला चांगलंच कोंडीत धरलं आहे. घरापासून सर्वांत लांब असताना त्याने एका पायावर उभं राहायचं! सगळं वजन एका तळव्यावर आलेलं, आणि तो पाय उचलता येत नाही, कारण उचलला तर उभं कशावर राहणार? कोपरारक्षक नेमका याच क्षणाची वाट पाहत असतो. इराणचा फझल अत्राचली डाव्या कोपऱ्यातून घोट्यावर झेपावतो, तो असा टेकलेला पाय हेरून. घोटा धरला की चढाईपटूच्या हाती उरते फक्त त्याची लांबी. पावणेपाचातून सव्वादोन वजा करा: पूर्ण ताणून पडला तरी बोटं मध्यरेषेपासून अडीच मीटर दूर. तेवढं अंतर कोपरारक्षकाचं अख्खं वजन फरफटत नेऊन कापायचं, तेही दम न सोडता. बोनस आधीच पदरात पडलेला असेल, तर गुण दोघांनाही एक-एक. पण चढाईपटू बाहेर बसतो. त्यातून बोनसच्या गुणावर आपला बाद झालेला गडी आत येत नाही, पकडीच्या गुणावर मात्र समोरच्यांचा येतो. बरोबरीचा दिसणारा हा सौदा तोट्याचाच असतो.

मध्यरक्षकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या हाती चढाईपटू लागतो तो बहुधा परतताना, म्हणजे वेगात असताना आणि घराच्या जवळ. तिथे घोटा धरून भागत नाही. मध्यरक्षक कमरेला विळखा घालून त्याला वर उचलू पाहतात, कारण चढाईपटूचा सगळा जोर मॅटवरच्या घर्षणातून येतो; पाय अधांतरी झाले की मांड्यांतली ताकद असून नसल्यासारखी. शिवाय पोटावर आवळलेले हात उरलेली हवाही बाहेर काढतात. दम तुटला की पंचाची शिट्टी वाजते आणि झटापट तिथेच संपते.

पण पकड हा जुगार आहे. ज्यांनी त्याला हात लावला ते सगळे पणाला लागलेले असतात, आणि स्पर्श झाल्यावर दोन्ही बाजूंची राखीव क्षेत्रंही खेळात येतात, म्हणजे निसटायला जागा वाढते. समजा, सात जणांसमोर चढाईपटूने बोनस घेतला, कोपऱ्याची झेप चुकवली आणि वळला. मध्यरेषा दोन मीटरवर असताना दोघांनी त्याची कंबर धरली, पण उचलायला अर्धा क्षण उशीर झाला. पाय मॅटवर आहेत, अंगात वेग आहे. तो तोंडावर पडतो, हात ताणतो. दोन मीटरच्या अंतराला सव्वादोन मीटरचं शरीर पुरून उरतं. दोघे अजून त्याच्या पाठीवरच आहेत, तोंडाने ‘कबड्डी’ चालू आहे आणि एका हाताची बोटं रेषेपलीकडे टेकली आहेत. बोनसचा एक, पकडणाऱ्या दोघांचे दोन: अव्वल चढाई, तीन गुण.