फोन न करणाऱ्या मुलाला काय लिहावं?

समजा, आई-बाबा साताऱ्यात आणि मुलगा नोकरीसाठी बंगळुरूत. दिवाळीला येऊन गेला, त्यानंतर फोन नाही. आई केला तर उचलत नाही, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो’ एवढंच उत्तर येतं. संक्रांत गेली, तेव्हा आईने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं: ‘आहेस ना रे? आई-बापाची आठवण येते का कधी? शेजारच्या काकूंचा मुलगा अमेरिकेतून रोज फोन करतो. बाबांचं बीपी वाढलंय, तुला सांगायचं नव्हतं. असो. सुखात राहा.’

यातलं दुःख खरं आहे, पण ते एकाही वाक्यात सरळ आलेलं नाही. पहिले दोन प्रश्न उत्तर मागत नाहीत, कबुली मागतात. काकूंच्या मुलाशी केलेली तुलना वाचली की मुलगा आईचं दुःख विसरून स्वतःचा बचाव मनात मांडू लागतो. ‘सांगायचं नव्हतं’ म्हणत सांगितलेलं बीपी तर फारच अवघड. ती बातमी आहे की शिक्षा, हे त्याला कळत नाही. आणि ‘असो’ने दार लावून घेतल्यावर त्याने बोलायचं कुठून?

असा निरोप निष्फळ ठरतो असं मात्र नाही. बहुधा त्याच रात्री फोन येतो, म्हणून तर घरोघरी हा प्रकार टिकून आहे. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली अपराधी भावनेवर लिहिलेल्या लेखात हा व्यवहार मांडला आहे: जवळच्या माणसाला अपराधी वाटायला लावलं की हवं ते मिळू शकतं, पण त्याच्या मनात चीड साचते. फोन येतो तो दोन मिनिटांचा, ‘सगळं ठीक ना?’ एवढाच, आणि पुढच्या वेळी फोन हातात घेताना त्याला आधी तो ताण आठवतो.

मग काय लिहावं? थॉमस गॉर्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1970 साली पालकांसाठीच्या पुस्तकात सुचवलेली पद्धत इथे उपयोगी पडते. काय घडलं ते आरोपाविना सांगायचं, त्याने मला काय वाटलं ते सांगायचं आणि माझ्यावर त्याचा प्रत्यक्ष काय परिणाम झाला तेही. मेख एकच: वाक्याची सुरुवात ‘मी’ने झाली म्हणजे काम झालं असं नाही. ‘मला वाटतं, तुला आता आमची गरज उरली नाही’ हा आरोपच आहे, फक्त सौम्य आवाजातला.

आता तीच आई असं लिहू शकते:

‘दिवाळीनंतर आपलं नीट बोलणं झालेलं नाही. मला त्याचं वाईट वाटतंय. फोन वाजला की तुझाच असेल असं वाटतं आणि मग मन लागत नाही. कारण मला माहीत नाही. माझं काही लागलं असेल तर सांग, मी मध्ये न बोलता ऐकेन. रविवारी सकाळी थोडा वेळ बोलू या का? नको असेल तर तसं कळव, चालेल.’

‘वाईट वाटतंय’ हे तिने गिळलेलं नाही, आणि ते कमी करायला मुलाने काय केलंच पाहिजे हेही लादलेलं नाही. मागणी छोटी आहे, वार ठरलेला आहे आणि नकाराला जागा आहे. पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारावं: त्याने खरंच ‘नको’ म्हटलं तर शेवटचं ‘चालेल’ खरं राहील का? राहणार नसेल तर ते खोडावं. सभ्य शब्दांतली जबरदस्ती मुलं लगेच ओळखतात.

बीपीचं काय? ते त्याला कळायलाच हवं, पण वेगळ्या निरोपात आणि वाढलं त्याच दिवशी: डॉक्टर काय म्हणाले, गोळी सुरू केली का, त्याने यायची गरज आहे की नाही.

उत्तर आलं नाही तर निळ्या खुणा तपासत दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारू नये. सुनेला मध्ये घालू नये, कुटुंबाच्या ग्रुपवर तर मुळीच लिहू नये. त्याने आधीच ‘मला थोडं अंतर हवंय’ असं सांगितलं असेल, तर कितीही नीट लिहिलेला असला तरी वरचा निरोप पाठवू नये. ते अंतर पाळावं. याउलट, तो मित्रांना आणि ऑफिसलाही अचानक सापडत नसेल, तर मामला रुसव्याचा नाही. तेव्हा मजकूर घडवत न बसता कुणाला तरी त्याच्या घरी पाठवावं.

आणि रविवारी फोन आलाच, तर ‘मिळाला का एकदाचा वेळ?’ हे वाक्य ओठांवर येणारच. ते तिथेच थांबवावं, नाहीतर पहिला मजकूर पाठवल्यासारखंच होतं.