वायरच्या अंगावरचं वाचा

वायरचं बंडल घेताना ब्रँडच्या आधी वायरवरची छपाई वाचा. पुण्याची फिनोलेक्स घ्या नाहीतर पॉलिकॅब, ‘आयएस ६९४’ दिसायलाच हवं. ‘एफआर’ म्हणजे आवरण आग पसरू देत नाही. ते जळतच नाही, असं नव्हे. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर ओढतो. त्याला किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर द्या, अंतर लांब असेल तर चारची. स्विच १६ अँपिअरचा, त्यावर ‘आयएस ३८५४’. आयएसआयचा शिक्का काय, कुणीही छापतो! त्याखालचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका; परवाना कुणाचा आणि चालू आहे का, हे दुकानातच कळतं.